वसतिगृहातील मुलांकडे सापडणाऱ्या प्रोटीन पावडर आणि ताकदीच्या गोळ्या : पालकांसाठी सूचना

आरोग्य कक्ष, मुला-मुलींचे वसतिगृह
दि. 18 ऑगस्ट

सर्व पालकांस नमस्कार,

गेल्या आठवड्यात वॉर्डन सरांसोबत पेट्या तपासल्या. आठवी ते दहावीच्या अकरा मुलांकडे प्रोटीन पावडर निघाली. त्यांतली फक्त चार पाकिटं सीलबंद कंपनीची होती. बाकी पावडर प्लॅस्टिकच्या पिशवीत सुटी, वर ना नाव, ना तारीख. पाव किलोला तीनशे रुपये दिले, असं मुलं सांगतात. पैसे कुठून आले? घरून वही-पेनासाठी पाठवलेले.

पावडरीपेक्षा मला गोळ्यांची धास्ती जास्त वाटते. मागच्या महिन्यात पहाटेच्या धावण्याच्या सरावातून नववीचा एक मुलगा माझ्याकडे आणला. हात थरथरत होते, छातीत धडधड, दहा मिनिटं बसवूनही नाडी 128. उपाशीपोटी ‘एनर्जी’च्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. पाकीट वाचलं तर एका गोळीत 200 मिलिग्रॅम कॅफिन. म्हणजे त्या पोरानं चार कप कडक कॉफी एकदम पोटात घातली होती. दुपारपर्यंत तो बरा झाला, पण त्याला आधीच हृदयाचा काही त्रास असता तर?

दुसरा प्रकार ‘वजन वाढीच्या गोळ्यां’चा. या नावाखाली काही ठिकाणी डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड, आणि भूक वाढवणारी सायप्रोहेप्टाडिन चिठ्ठीशिवाय हातात पडते. स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, गाल वर येतात आणि ‘तब्येत सुधारली’ म्हणून घरचेही खूश होतात. ते अंगावरचं मांस नव्हे. त्यात पाणी आणि चरबी असते, आणि वाढत्या वयात उंची खुंटते. दुसऱ्या गोळीने वर्गात झोप येते. तुमचं मूल अशी गोळी बरेच दिवस घेत असल्याचं कळलं तर घाबरून एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. आधी मला फोन करा, आपण डॉक्टरांना दाखवू.

आता प्रोटीनचं. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 45 ग्रॅम, मुलीला 43 ग्रॅम प्रथिनं पुरतात. हा आयसीएमआरचा आकडा आहे. आपल्या मेसचा हिशेब मांडा : दिवसभरात सहा चपात्या, 18 ग्रॅम. दोन वेळची आमटी-उसळ, 14. सकाळचं पेलाभर दूध, 6. झाले 38. वर मूठभर शेंगदाणे खाल्ले की 45 भरले. मंगळवारी आणि शुक्रवारी अंडं असतं ते वेगळंच. अडचण एवढीच की मटकीची उसळ ताटाच्या कडेला सारली जाते आणि पावडरीला तीनशे रुपये जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेऊ नका असंच सांगितलं आहे. शिवाय काही मुलं पावडर कोरडीच तोंडात टाकून वरून पाणी पितात. त्याने ठसका लागून श्वास अडकू शकतो.

मुलींच्या पालकांना एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. दर सोमवारी शाळेत मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची, सरकारी आणि मोफत आहे. ती मुलामुलींनी घ्यायचीच, फक्त जेवणानंतर. पण होतं असं की मळमळते म्हणून ती बेसिनमध्ये जाते, आणि अशक्तपणा वाटतो म्हणून दुकानातून दुसरीच गोळी येते. मुलगी सारखी थकत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासू.

तर पालकांनी एवढं करावं. मुलांच्या खर्चाचे पैसे त्यांच्या मित्राच्या फोनवर पाठवू नका, कार्यालयात जमा करा. काही पालक स्वतःच भेटीला येताना पावडरीचा डबा आणतात. तसं करू नका, आणि कोणी शिफारस केली असेल तर आधी माझ्याशी बोला. आणायचंच असेल तर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, डिंकाचे नाही तर नाचणीचे लाडू आणा. दम्याचं, फिटचं किंवा दुसरं कुठलंही चालू औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीसह माझ्या ताब्यात द्या, पेटीत ठेवू नका.

सापडलेली पाकिटं माझ्या कपाटात आहेत. कोणाचंही नाव वर्गात वाचलं जाणार नाही, दंडही नाही. घरीही मारझोड नको, नाही तर पुढच्या वेळी मुलं गोळी लपवतील आणि त्रास झाला तरी माझ्याकडे येणार नाहीत.

रविवार, 31 ऑगस्ट रोजी भेटीच्या दिवशी सकाळी 10 ते 1 या वेळात पाकिटं घेऊन जावीत. त्या दिवशी डॉक्टरही आरोग्य कक्षात बसणार आहेत. येताना मुलाच्या जुन्या तपासण्यांचे कागद असतील तर आणावेत.

आपली,
परिचारिका, आरोग्य कक्ष