विषय: दुसऱ्या मालाची कागदपत्रे, १२ सप्टेंबरची रवानगी आणि पैसे अदा करण्याची पद्धत

पवणे, नवी मुंबई
मंगळवार, १ सप्टेंबर २०२६

आदरणीय कुलकर्णी साहेब,

सप्रेम नमस्कार.

आपली शुक्रवारची ईमेल मिळाली. ६५० खोक्यांची ऑर्डर आपण कायम केलीत याबद्दल मनापासून आभार. जूनमधल्या मालाच्या वेळी आपल्याला जो त्रास झाला, त्याविषयी आधी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या वेळच्या अटी मी त्यातूनच ठरवल्या आहेत.

न्हावा शेवाहून सुटलेले जहाज पाचव्या दिवशी जेबेल अलीला लागले, पण मूळ बिल ऑफ लेडिंग आमच्या बँकेतून आपल्या बँकेत पोहोचायला तेरा दिवस गेले. त्यांतले दोन दिवस आमच्याच चुकीने वाया गेले होते. मालधनी म्हणून आपल्या फर्मचे नाव मसुद्यात चुकले होते आणि मी ते वेळेत पाहिले नाही. बाकीचे दिवस मात्र त्या पद्धतीतच गेले. जिथे जहाज महिनाभर समुद्रात असते, तिथे बँकेमार्फत पैसे घेऊन कागद सोडण्याची पद्धत ठीक चालते. आपल्या बंदरापर्यंतचा प्रवास इतका छोटा आहे की कागद जहाजाच्या मागेच राहतात आणि कंटेनर बंदरात भाडे खात पडून राहतो. ते भाडे आपल्याला भरावे लागले याची मला खंत आहे.

म्हणून या वेळी बँकेमार्फत कागद न पाठवता ‘सरेंडर बी.एल.’ करावे, असा माझा आग्रह आहे. यात मूळ बी.एल. आम्ही शिपिंग लाइनच्या इथल्या कार्यालयात परत जमा करतो आणि लाइन स्वतःच्या दुबई कार्यालयाला माल सोडण्याचा निरोप देते, त्यामुळे आपल्याला मूळ कागदाची वाट पाहावी लागत नाही. मात्र एकदा बी.एल. जमा केले की मालावरचा आमचा ताबा संपतो, त्यामुळे उरलेली रक्कम आमच्या खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्यावरच आम्ही ते पाऊल उचलू शकतो. स्विफ्टची प्रत पाहून आनंद होतो, पण तिच्या भरवशावर बी.एल. जमा करण्याची परवानगी मला नाही.

एकूण किंमत सीआयएफ जेबेल अली, इन्कोटर्म्स २०२० प्रमाणे २०,६०० अमेरिकी डॉलर आहे: हळद पावडर ४,००० किलो, जाड पोहे ३,५०० किलो आणि गोडा मसाला १,००० किलो. यातले ३० टक्के, म्हणजे ६,१८० डॉलर, शुक्रवार ४ सप्टेंबरपर्यंत आगाऊ मिळावेत. उरलेले १४,४२० डॉलर बी.एल.ची स्कॅन प्रत मिळताच पाठवावेत. आपण साठ दिवसांच्या उधारीची मागणी केली आहे. ती आज मान्य करता येत नाही, हे मी स्पष्टच सांगते. सांगलीच्या हळदीचे पैसे व्यापाऱ्याला माल उचलतानाच द्यावे लागतात, आणि आमचे बँकेचे कर्ज जेवढे दिवस लांबते तेवढे व्याज आपल्याच पुढच्या दरात येऊन बसते. पण दार बंद करायचा माझा हेतू नाही. आपल्या नावाने ईसीजीसीकडे पतमर्यादेचा अर्ज आम्ही याच आठवड्यात करतो आहोत. ती मंजूर झाली आणि हा व्यवहार सुरळीत पार पडला, तर तिसऱ्या कंटेनरपासून निम्म्या रकमेसाठी तीस दिवसांची मुदत देण्याचा प्रस्ताव मी स्वतः मांडेन.

रवानगीचे वेळापत्रक या वेळी गणपतीमुळे घट्ट आहे. गणेश चतुर्थी सोमवारी १४ तारखेला आहे. आमच्याकडचे बहुतेक माथाडी कामगार कोकणातले असल्याने गुरुवार १० तारखेनंतर हाताशी माणसे उरणार नाहीत, आणि विसर्जनाच्या दिवशी जड वाहनांवर बंदी असते. म्हणून कारखान्यातच बुधवारी ९ तारखेला माल भरून कंटेनरला ई-सील लावायचे आणि गुरुवारी दुपारपर्यंत तो बंदरात पोहोचवायचा, असे ठरवले आहे. जहाज शनिवारी १२ तारखेला रात्री सुटते आणि १६ किंवा १७ तारखेला जेबेल अलीला लागणे अपेक्षित आहे. ही तारीख हुकली तर पुढचे जहाज १९ तारखेचे आहे. दिवाळीसाठी तेही चालेल, पण आपल्या दुकानदारांना नवरात्रात माल हवा आहे हे मला ठाऊक आहे.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. १२ तारीख दुसरा शनिवार, १३ रविवार आणि १४ गणेश चतुर्थी, त्यामुळे आमच्या बँका सलग तीन दिवस बंद राहतील आणि बी.एल. मंगळवारी १५ तारखेला हाती येईल. त्याची स्कॅन प्रत सकाळीच आपल्याकडे पोहोचवण्याची जबाबदारी माझी. त्याच दिवशी आपण रक्कम पाठवलीत आणि ती बुधवारी जमा झाली, तर बी.एल. बुधवारीच सरेंडर होईल. रकमेला एखाद-दुसरा दिवस जास्त लागला तरी घाबरू नये, कारण लाइनकडून या वेळी कंटेनरसाठी दहा दिवसांची मोफत मुदत मिळवली आहे.

बी.एल.चा मसुदा शुक्रवारी ११ तारखेला पाठवेन. त्यातले नाव, पत्ता, खोक्यांची संख्या आणि वजन आपल्या आयात परवान्याशी अक्षरशः ताडून पाहावे ही कळकळीची विनंती. व्यापारी बीजक, पॅकिंग लिस्ट, विमापत्र आणि एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अहवाल त्याच दिवशी ईमेलने येतील. हळदीत लेड क्रोमेटची भेसळ नाही याची चाचणी आम्ही प्रत्येक लॉटवर करून घेतो आणि तो अहवाल वेगळा जोडू. विमा सीआयएफच्या किमान अटीपेक्षा व्यापक, म्हणजे ‘ए’ प्रकारचा, बीजकाच्या ११० टक्के रकमेवर काढला आहे, कारण पावसाळ्यात पोह्यांना दमटपणाचा धोका असतो.

उत्पत्ती प्रमाणपत्र भारत-यूएई कराराखाली, १ मे २०२२ पासून लागू असलेल्या सवलतीसाठी काढायचे आहे. त्यावरचा एचएस क्रमांक बीजकाशी आणि आपल्या जाहीरनाम्याशी जुळला नाही तर सवलत अडकते. हळदीसाठी आम्ही ०९१०३० वापरतो. आपल्या क्लिअरिंग एजंटला गोडा मसाल्याचा कोणता क्रमांक मान्य आहे, ते बुधवारी २ तारखेपर्यंत कळवावे, म्हणजे प्रमाणपत्र जहाज सुटण्याआधी निघेल. अरबी लेबलांचा मजकूरही त्याच दिवशी मंजूर करून पाठवावा. उत्पादनाची आणि संपण्याची तारीख छापायला आम्हाला तीन दिवस लागतात.

आणखी एक, आणि हे मी प्रत्येक ग्राहकाला सांगते: आमचे बँक खाते बदललेले नाही. सही केलेल्या प्रोफॉर्मा बीजकावर जे खाते आहे तेच खरे. खाते बदलल्याची ईमेल आमच्या नावाने आली तर पैसे न पाठवता मला जुन्या क्रमांकावर फोन करावा.

एचएस क्रमांक आणि लेबलांविषयी उद्या संध्याकाळपर्यंत आपले उत्तर येईल, या अपेक्षेने खोक्यांची छपाई गुरुवारपासून लावून ठेवते.

आपली विश्वासू,
वैशाली सावंत
निर्यात व्यवस्थापक