घसरलेली नावं

"ताई, नाव माझंच आहे," ती बाई बिल्ला उलटा करून पुन्हा सुलटा करत म्हणाली, "पण मी विधुर नाही."

वैशालीनं बिल्ला हातात घेतला. सुनंदा. त्याखाली नोंदणी क्रमांक ८८, मनमाड, वय ६१, निवृत्त रेल्वे कर्मचारी, विधुर, दोन मुलगे. समोरची सुनंदा फार तर चौतिशीची. खांद्याला पिशवी, मागे टोपी घातलेले वडील. सिन्नरहून सकाळची पहिली एसटी धरून दोघं नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर उतरले होते आणि दहाच्या कार्यक्रमाला नऊलाच दारात हजर होते.

"प्रिंटिंग मिस्टेक," वैशाली म्हणाली. वीस वर्षांच्या धंद्यात हे वाक्य आपोआप तोंडात येतं.

तिनं टेबलावरचा पुढचा बिल्ला उचलला. एका पुरुषाच्या नावाखाली 'शिवणकाम, एक मुलगी'. त्याच्या पुढच्यावर एका मुलीला एकोणसाठ वर्षं. चौथा, पाचवा, दहावा. टेबलावर दोनशे चौदा बिल्ले रांगेत मांडलेले होते आणि त्यातला एकही धड माणसाचा नव्हता.

तिच्या पायांत गोळे आले. ते पहाटेपासूनच येत होते म्हणा. बुधवारी शाळेचं स्नेहसंमेलन, शनिवारी खतांच्या डीलरांची मीटिंग आणि आज रविवारी हा पुनर्विवाह परिचय मेळावा. डीलरांचं जेवण आवरून ती घरी पोचली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. त्यानंतर यादी.

"ओंकार!"

ओंकार खुर्च्यांना नंबर चिकटवत होता. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, दिवसाचे पाचशे रुपये आणि जेवण या बोलीवर आलेला.

"सकाळी प्रिंट काढताना तू यादीत कुठे हात लावलास?"

"नाही ताई. तुम्ही पाठवली तशीच दिली."

"तशीच कशी? हे बघ! माणसं लग्नाला आलीत इथे, जत्रेला नाही. एक काम सांगितलं होतं तुला."

सुनंदाच्या वडलांनी नजर दुसरीकडे वळवली. केटररचा माणूस त्याच क्षणी विचारायला आला, "ताई, पानं किती धरू?" त्यालाही तिनं फटकारलं. ओंकार काही बोलला नाही. त्यानं लॅपटॉप ओढला, फाईल उघडली आणि खाली-वर करत बसला.

नऊ वाजून दहा मिनिटं. दारात रिक्षा थांबायला लागल्या होत्या.

"ताई, मोबाईल नंबर बरोबर आहेत," ओंकार म्हणाला. "वय, गाव, शिक्षण, सगळं एका ओळीत नीट आहे. फक्त नावं घसरलीत. नावांचा रकाना तेवढा अ ते ज्ञ लागलाय, बाकी सगळं जागच्या जागी."

"असं कसं होईल? सॉर्ट केलं की पूर्ण ओळ सरकते."

"नावानंतर हा रिकामा रकाना आहे ना. मथळासुद्धा नाही त्याला. रिकामा रकाना आला की एक्सेलला वाटतं तक्ता इथेच संपला. मग ते तेवढीच नावं लावतं. विचारतसुद्धा नाही."

रिकामा रकाना सहीसाठी होता. माणूस आला की नावासमोर सही घ्यायची. सहीसाठी जागा ठेव, हे ओंकारला कोणी सांगितलेलंच नव्हतं. वैशालीच्या डोळ्यांसमोर रात्रीचं स्वयंपाकघराचं टेबल आलं. थंड चहा, पंख्याचा आवाज, इंग्रजीत भरलेली नावं एकेक करून मराठीत केल्याची ती शेवटची ओळ, आणि मग 'चला, लोकांना नाव पटकन सापडेल' म्हणून दाबलेलं एक बटण. तिनं फाईलच्या माहितीत जाऊन पाहिलं. शेवटचा बदल: रात्री १:५२.

ओंकारकडे बघायचं तिनं टाळलं.

"मागे नेता येईल?"

"फाईल बंद झाली की मागे जात नाही. पण फॉर्मवरची मूळ उत्तरं आहेत. त्यात नाव आणि मोबाईल आहे. मोबाईलवरून नाव परत ओढतो, व्हीलूकअप लावून. हॉटस्पॉट द्या."

एकशे त्रेचाळीस नावं दहा मिनिटांत परत आली. उरलेली एकाहत्तर कुठेच नव्हती. त्यांनी फॉर्म भरलाच नव्हता. नानांच्या घरी येऊन, चहा पिऊन, रोख पैसे देऊन त्यांनी नाव नोंदवलं होतं, आणि वैशालीनं ती यादीत हातानं चढवली होती.

नाना म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार, स्वागताध्यक्ष, जे म्हणाल ते. संगणकावर त्यांचा विश्वास नव्हता. नोंदणी ऑनलाइन करू म्हटल्यावर त्यांनी मुद्दाम तीन पावती पुस्तकं छापून घेतली होती. वैशालीनं तेव्हा कपाळावर हात मारला होता. आता ती कार्यालयाच्या मागच्या दारानं धावतच गेली. नाना आचाऱ्याला उपम्यात शेंगदाणे जास्त घालायला सांगत होते.

"नाना, पावती पुस्तकं आणलीत?"

नानांनी खांद्यावरची शबनम थोपटली. "ती मी झोपतानासुद्धा उशाशी ठेवतो."

कार्बनच्या निळ्या अक्षरांत एकाहत्तर नावं. प्रश्न सुटला असं तिला वाटलं, पण दोनशे चौदा बिल्ले पुन्हा छापायचे कुठे? रविवारी सकाळी साडेनवाला झेरॉक्सचं दुकान कोण उघडतंय? सकाळी ओंकारनं ओळखीवर उघडून घेतलं होतं, तो दुकानदार शटर ओढून वणीला निघून गेला होता.

तेव्हा सुनंदानं तोंड उघडलं. टेबलाशी ती मघापासून उभीच होती. "नाव झाकून वर हातानं लिहिलं तर? त्या माणसाकडे पांढरी पट्टी आहे." मंडपवाला स्टेजवर फलक ताणत होता. कागदी चिकटपट्टीची तीन रिळं त्याच्या मनगटात बांगड्यांसारखी होती. "माझं अक्षर बरं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे मी."

"अहो, तुम्ही पाहुण्या—"

"बसून तरी काय करू? अण्णा नुसते घड्याळ बघतात."

मग ती यंत्रणा बसली. दारात आलेल्या माणसाला वैशाली नाव न विचारता मोबाईल नंबर विचारत होती. ओंकार नंबर टाकून नोंदणी क्रमांक सांगत होता, सुनंदा त्या क्रमांकाचा बिल्ला उचलून जुन्या नावावर पट्टी लावायची आणि स्केचपेननं माणसाचं खरं नाव लिहायची. फळ्यावर लिहितात तसं गोल, सुटं अक्षर. मधल्या वेळात नाना पावत्या वाचून दाखवत होते, प्रत्येक नावाला पुरवणी जोडून. "हा आपल्या सटाण्याचा, द्राक्षवाला, फार सज्जन." "नाना, नुसता नंबर." "नंबर नाही लिहिलेला. सज्जन होता, विचारलं नाही."

असे चार सज्जन निघाले. यादीत मोबाईल होते आणि पावतीवर नावं, पण कोणता कोणाचा ते कळेना. वैशालीनं पहिला नंबर फिरवला.

"नमस्कार, मेळाव्यातून बोलतेय. आपलं नाव काय?"

"फोन तुम्ही केलाय ना?" पलीकडून बाईचा आवाज. "मग तुम्हाला माहीत नाही का?"

"नाही. म्हणजे आहे. चार नावं आहेत, त्यातलं तुमचं कुठलं ते—"

"चार?" मागे गाडीचा हॉर्न. "अहो, आम्ही रिक्षात आहोत, द्वारका ओलांडली. हा मेळावा खरा आहे ना?"

पावणेदहाला रांग दाराबाहेर गेली. वैशाली नानांपाशी गेली. गेली तीन वर्षं ती त्यांच्या प्रास्ताविकाला पाच मिनिटांच्या पुढे जाऊ देत नव्हती. चार मिनिटं झाली की हॉलच्या मागे उभं राहून ती मनगटावर बोट ठेवून दाखवायची.

"नाना, आज तुम्ही सविस्तर बोला."

"किती सविस्तर?"

"१८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यापासून."

नानांच्या चेहऱ्यावर एकदम दहा वर्षं कमी झाली. दहाच्या ठोक्याला ते माईकवर होते. ईश्वरचंद्र विद्यासागर झाले, विष्णुशास्त्री पंडित झाले, आणि सव्वादहाला महर्षी कर्वे १८९३ मध्ये पोचले. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातून शिकलेल्या, लग्नानंतर मुरूडच्या लोकांनी कर्व्यांना वाळीत टाकलं, हे सगळं नाना असं सांगत होते की जणू स्वतः त्या गावात उभे होते. खुर्च्यांवरचे लोक, खरं सांगायचं तर, मन लावून ऐकत होते. वैशालीला त्याचं नवल वाटलं. ती दर वेळी हॉलच्या मागे घड्याळ बघत असायची.

टेबलाशी आलेल्या एका माणसानं बिल्ला घेतला, वाचला आणि तो तिथेच घुटमळला.

"बाई, ती खालची ओळपण झाका ना."

खालच्या ओळीत 'घटस्फोटित' होतं. सुनंदानं वैशालीकडे पाहिलं. बिल्ल्यावर ती ओळ नको, असं वैशालीनं मंडळाच्या बैठकीत सांगितलं होतं. पुस्तिकेत आहेच, छातीवर कशाला? चार विरुद्ध एक. "पारदर्शकता हवी," असं नाना म्हणाले होते.

"झाका," वैशाली म्हणाली.

त्याच्या मागच्या बाईनंही सांगितलं. मग तिच्या मागच्यानं. पाचव्या-सहाव्यानंतर सुनंदानं विचारणंच सोडलं. बिल्ला हातात आला की ती दोन पट्ट्या लावायची, एकीवर नाव लिहायची आणि दुसरी कोरी ठेवायची.

"८८," ओंकारनं पुकारलं.

पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, मनमाडचे गृहस्थ. सुनंदानं बाजूला ठेवलेला बिल्ला काढला. त्यावर अजून तिचंच नाव होतं. "तुमचा सकाळपासून माझ्याकडे आहे," ती म्हणाली आणि स्वतःच्या नावावर पट्टी दाबली.

साडेदहाला रांग संपली. उपम्याच्या दोन बशा घेऊन वैशाली लॅपटॉपपाशी आली. ओंकारच्या बशीत शेव जास्त होती.

"१:५२ ला मीच केलंय ते," ती म्हणाली.

"माहितीये ताई." त्यानं स्क्रीनवरून नजर काढली नाही. "सकाळीच दिसलं होतं फाईलवर."

"मग बोलला का नाहीस?"

"लोक होते ना समोर."

ती काही वेळ नुसती बशी धरून उभी राहिली. "पाचशे नाही, आठशे घे आज."

"हजार," ओंकार म्हणाला. "व्हीलूकअपचे वेगळे."

स्टेजवर टाळ्या झाल्या. नाना कपाळ पुसत खाली उतरले, पहिल्या रांगेतून हात जोडत मागे येऊ लागले आणि मध्येच थांबले. वाकून एकाचा बिल्ला पाहिला. मग शेजारच्याचा. मग पलीकडच्या रांगेतला. सरळ टेबलाशी आले.

"वैशाली, अगं स्थितीची ओळ कुठे गेली? कितीतरी जणांच्या बिल्ल्यावर नाही."

वैशालीनं सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा बोटांवरची शाई रुमालाला पुसत होती.

"पट्टी रुंद निघाली, नाना," वैशाली म्हणाली. "ओंकार, पहिला क्रमांक पुकार."