काटा

दिल्लीला धुकं पडलं की मोपा विमानतळावरच्या रात्रपाळीच्या टॅक्सीवाल्यांची रात्र लांबते. विठूचं भाडं साडेदहाला उतरायचं, ते त्या रात्री साडेबारा वाजून गेल्यावर बाहेर आलं. एक आजी, त्यांची लेक सुनीता आणि तिच्या खांद्यावर चार महिन्यांचं बाळ. जायचं होतं बेळगावला, टिळकवाडीत.

डिचोली, साखळी मागे पडली. केरीच्या नाक्यावर विठूनं काच खाली करून बाहेरची हवा अंगावर घेतली. पौषातली रात्र होती. अंजुणे धरणाच्या बाजूनं गारवा येत होता, पण अजून तो गोव्याचाच गारवा होता. चोर्ला घाट चढायला लागल्यावर मात्र प्रत्येक वळणाला थंडी वाढत गेली. गाडीच्या पडद्यावरचा बाहेरच्या तापमानाचा आकडा अठरावरून पंधरावर, पंधरावरून बारावर आला. विठूनं हीटरचं बटण लाल बाजूला फिरवलं. गोव्यात ते बटण वर्षभर निळ्या बाजूलाच असतं; चोर्ल्याच्या अशा रात्रीच काय ती त्याची गरज पडते.

थोडा वेळ ऊब आली. मग पायांवर येणारा वारा कोमट झाला आणि दोन वळणं पुढे गेल्यावर गारच झाला.

विठूनं पंखा वाढवून पाहिला. वारा जोरात होता, म्हणजे फ्यूज किंवा मोटर गेली नव्हती. हीटर म्हणजे काही आत पेटवलेली शेगडी नव्हे. इंजिनचं तापलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीतून फिरतं आणि पंखा त्याचीच ऊब आत ढकलतो. पाणी कमी झालं की बहुतेक वेळा पहिल्यांदा त्या जाळीत हवा शिरते. म्हणून विठूची नजर बटणावरून सरळ तापमानाच्या काट्यावर गेली. एरवी मध्यावर झोपून असलेला काटा किंचित वर सरकला होता.

"ताई, बाळाला टोपी घाला. हीटर बंद पडलाय."

"बंद म्हणजे? बेळगावपर्यंत असंच?"

"आधी गाडी नीट जागी लावतो, मग सांगतो."

त्यानं एसी बंद केला. इंजिनवरचा तेवढाच भार हलका झाला, पण एसीनं सुकी राहिलेली काच क्षणात आतून धुरकट झाली. आत चार जणांचे श्वास आणि बाहेर बारा अंश. विठूनं पुढच्या दोन्ही काचा दोन बोटं उघडल्या, पंख्याचा वारा पुढच्या काचेकडे वळवला आणि ताज्या हवेची झडप उघडी ठेवली. तरीही अधूनमधून गाडी अगदी हळू करून फडकं फिरवावं लागत होतं.

थांबायचं कुठे, हा खरा प्रश्न होता. चोर्ल्याच्या वळणावर थांबणं म्हणजे खाली उतरणाऱ्या ट्रकच्या तोंडी गाडी ठेवणं. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, त्यात धुकं. चढ जवळजवळ संपत आला होता. वरच्या सपाटीवर, दिवसा कणसं भाजणारे बसतात ती मोकळी जागा विठूच्या माहितीची होती. काट्याला लाल रेघेपर्यंत अजून थोडी जागा होती. त्यानं मनाशी ठरवलं: रेघ गाठली तर असेल तिथे धोक्याचे दिवे लावून थांबायचं, नाहीतर दुसऱ्या गियरमध्ये, पायाखाली जोर न देता, त्या जागेपर्यंत.

काटा रेघेच्या अलीकडेच राहिला. विठूनं गाडी रस्त्यापासून पूर्ण आत घेतली, हँडब्रेक ओढला, चारही इंडिकेटर लावले आणि इंजिन बंद केलं.

मग एकदम सगळं शांत झालं. मागच्या सीटवर आजींनी सुनीताचा हात धरला. विठूनं ते आरशात पाहिलं. रात्रीचे सव्वादोन, मोबाइलला रेंज नाही, जंगलात थांबलेली गाडी आणि अनोळखी ड्रायव्हर. गाडीत आपली बहीण असती तर तिलाही हीच भीती वाटली असती, हे त्याला कळलं. त्यानं आतला दिवा लावला आणि पूर्ण मागे वळून बोलायला लागला.

"आजी, ऐका. इंजिनचं पाणी कमी झालंय. असंच पुढे नेलं तर इंजिन बसेल, आणि ते कुठे बसेल ते आपल्या हातात नाही. म्हणून इथे थांबलो. इंजिन गार व्हायला पाऊण तास तरी लागेल. मी बाहेर थांबतो. तुम्ही आतून लॉक करा, मागची काच मात्र बोटभर उघडी ठेवा. ही माझ्या लायसन्सची झेरॉक्स, तुमच्याकडेच असू दे."

"पण इंजिन चालू ठेवलं तर जरा ऊब नाही का राहणार?" आजींचा आवाज थोडा सैल झाला होता.

"ऊब येतच नाही आजी, फक्त इंजिन तापेल. आणि उभ्या गाडीत काचा लावून इंजिन चालवायचं नसतं. धुरातला विषारी वायू आत आला तर त्याचा वाससुद्धा येत नाही."

डिकीत त्याची घोंगडी होती, सत्तरी तालुक्यात थंडीला वापरतात तशी जाड, काळी. ती त्यानं मागे दिली. "ताई, बाळाला तुमच्या अंगाशी घ्या, स्वेटरच्या आत, अंगाला अंग लागू दे. वरून घोंगडी. तोंड मात्र उघडं ठेवा." थर्मासात दुधासाठी घेतलेलं गरम पाणी होतं. त्यातलं थोडं प्लास्टिकच्या बाटलीत भरून, पंच्यात गुंडाळून त्यानं आजींच्या पायाशी ठेवायला दिलं. "बाळाला लावू नका, चटका बसेल."

स्वतःसाठी डिकीत रेनकोट होता. पावसाळा संपून तीन महिने झाले तरी तो त्यानं बाहेर काढला नव्हता. सीटखालचं जुनं वर्तमानपत्र शर्टाच्या आत छातीशी सपाट लावलं आणि वर रेनकोट चढवला. वारा अडला की निम्मी थंडी अडते. कानाला मफलर गुंडाळला. मग टॉर्च घेऊन, रस्त्याच्या मातीच्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं तो मागे चालत गेला आणि पन्नासेक मीटरवर लाल त्रिकोण उभा केला. परत येऊन तो गाडीच्या दरीकडच्या बाजूला, कठड्याच्या आत उभा राहिला. आतल्यांना तो दिसत राहील आणि एखादी गाडी घुसलीच तर तिच्या वाटेत येणार नाही, अशी ती जागा होती.

बॉनेट त्यानं उघडून ठेवलं होतं. रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही.

वीसेक मिनिटांनी धुक्यात पिवळे दिवे दिसले. बेळगावहून गोव्याला भाजी नेणारा टेम्पो होता. पहाटेच्या बाजारासाठी हे टेम्पो रात्रभर हाच घाट उतरत असतात. विठूनं टॉर्च खाली-वर हलवला. टेम्पोवाला खरंच आत येऊन थांबला.

"काय झालं, दादा? सोडू का खाली?"

"बाळ आहे आत. पुढे भाजीच्या क्रेटवर कुठे बसवू? तुम्ही एवढं करा, केरीला रेंज आली की दोन फोन लावा." विठूनं भावाचा, नारायणचा नंबर कागदावर लिहून दिला. मग काचेवर टकटक करून म्हणाला, "आजी, तुमच्या मुलाचा नंबर सांगा. गाडी थांबलीय, सगळे बरे आहेत, एवढं त्यांना कळू दे." आजींनी काच थोडी खाली करून स्वतःच नंबर सांगितला, दोनदा. मुलाला फोन जाणार म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला विठूला स्पष्ट दिसला.

"नारायणला सांगा, दुसरी गाडी घेऊन ये. मी इथे नाहीतर कणकुंबीच्या नाक्यावर असेन."

टेम्पोवाल्यानं जाताना क्रेटमधली दोन केळी काढून दिली. विठूनं तीही आत दिली, पण आजींनी एक परत बाहेर सरकवलं. "तुम्ही खा. तुम्ही उभे राहिलात तर आम्ही उभ्या."

ते केळं खाताना त्याची बोटं आखडली होती. तो जागच्या जागी पाय आपटत राहिला, हात काखेत धरून. झोप येतेय असं वाटलं की चार पावलं चालायचा. एकदा सुनीतानं काचेतून बाळ दाखवलं. तोंड उघडं, गाल गुलाबी, गाढ झोपलेलं.

साडेतीनला त्यानं इंजिनवर हाताचा मागचा भाग टेकवून पाहिला. सोसवण्याइतकं गार झालं होतं. फडकं जाड करून झाकणावर धरलं, पाव आटा फिरवला, थोडी हवा फुसफुसली, ती थांबेपर्यंत तो थांबला आणि मगच झाकण काढलं. पाणी खाली गेलं होतं. टाकीसुद्धा खालच्या खुणेच्या खाली. टॉर्च टाकल्यावर हीटरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या तोंडाशी ओल दिसली. क्लॅम्प सैल झाला होता. स्क्रू ड्रायव्हरनं तो आवळला, तरी नळीचं रबर तिथे चिरलेलं होतं. थेंब मंदावला, पूर्ण थांबला नाही.

विठूनं कॅनमधलं पाणी हळूहळू भरलं, इंजिन सुरू केलं आणि काट्याकडे पाहत बसला. काटा मध्यावर थांबला. हीटर मात्र गारच राहिला.

"आता बेळगाव गाठता येईल ना?" सुनीतानं विचारलं.

"कदाचित गाठता येईलही. पण मध्ये जांबोटीचं जंगल आहे, आणि ही नळी किती वेळ धरेल ते सांगता येत नाही. कणकुंबी जवळ आहे, रस्ता सपाट आहे. तिथे दिवा आहे, माणसं आहेत. तिथपर्यंतच नेतो."

आजी म्हणाल्या, "बरोबर आहे. न्या."

त्रिकोण उचलून ते निघाले. विठूनं वेग वाढवला नाही. नाक्यावर पोलिसांची शेगडी ओट्यावर पेटलेली होती. हवालदारानं बाळ पाहून शेगडी आतल्या खोलीत घ्यायला उचलली, तेव्हा विठू म्हणाला, "नको साहेब, बंद खोलीत निखारे नकोत. आम्ही इथेच ओट्यावर, वाऱ्याच्या आड बसतो." हवालदारानं शेगडी पुन्हा खाली ठेवली आणि भिंतीलगत खुर्च्या ओढल्या. चहा झाला. बाळ उठलं, दूध प्यालं, पुन्हा झोपलं. इथे फोन लागत होता. आजी मुलाशी बोलल्या आणि मधेच फोन विठूकडे दिला. "बोला, तो आभार मानतोय." विठू फक्त पत्ता नीट विचारून घेत राहिला.

पाचच्या सुमारास नारायण आला. विठूनं बॅगा स्वतः उचलून दुसऱ्या गाडीत ठेवल्या आणि नारायणच्या गाडीचा हीटर आधी स्वतःच्या हातावर तपासला. वारा गरम होता.

"काटा बघत जा," त्यानं भावाला सांगितलं. "आणि झोप आली तर जांबोटीला थांब. त्यांना उशीर चालेल."

आजींनी पर्स उघडली. पूर्ण भाडं त्या देत होत्या. विठूनं कणकुंबीपर्यंतचं घेतलं, उरलेलं नारायणला द्या म्हणाला. घोंगडी परत द्यायला सुनीता ती अंगावरून काढू लागली, तर त्यानं हात हलवला. "बाळ उठेल. नारायण आणेल ती."

साडेसहाला फोन आला. ते टिळकवाडीत पोचले होते. विठूनं हवालदाराला गावात मेकॅनिक किती वाजता दुकान उघडतो ते विचारलं, आणि चिरलेल्या नळीचा नेमका आकार लक्षात राहावा म्हणून ती काढून रेनकोटच्या खिशात घातली.