कन्झर्व्हेशन आर्किटेक्टचा इंटरव्ह्यू: जुनी इंदूरच्या वाड्यावरून दिलेली उत्तरं

प्रश्न: रिव्हर्सिबिलिटी म्हणजे काय ते व्याख्या न देता सांगा.

सर, जुनी इंदूरला एका दुमजली वाड्याचं काम होतं, वरच्या माळ्याची सागवानी तुळई मधोमध दीड इंच बसली होती आणि मालकांना ती काढून आरसीसी स्लॅब टाकायचा होता. आम्ही तुळईला हात न लावता दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल दिले, खाली स्वतंत्र खांब, लाकूड आणि लोखंडाच्या मध्ये निओप्रीन रबराची पट्टी, आणि तुळईला एकही भोक नाही. उद्या कुणाला यापेक्षा बरी आयडिया सुचली तर पान्यानं बोल्ट सोडायचे, तुळई आहे तशी मिळेल. स्लॅब एकदा टाकला असता तर तो काढताना भिंतीही सोबत गेल्या असत्या.

प्रश्न: पण सगळंच रिव्हर्सिबल असतं का?

नाही ना मॅडम, आणि पुस्तकी उत्तरं इथेच घसरतात. त्याच वाड्यात भिंतीच्या पोकळीत पातळ चुना भरून ग्राउटिंग केलं, ते आता कोण बाहेर काढणार? म्हणून मी स्वतःला वेगळाच प्रश्न विचारते, की माझ्यानंतर येणाऱ्याचा रस्ता मी बंद करतेय का. चुन्याच्या ग्राउटवर उद्या परत चुन्याचं काम करता येतं, पण इपॉक्सी भरलं तर त्यानंतर फार काही करायला उरत नाही.

प्रश्न: नवा माल जुन्याशी जुळण्यात, म्हणजे कंपॅटिबिलिटीत, चूक झालीय का कधी?

झालीय. माझीच. पहिल्या नोकरीत एका ओल्या भिंतीवर बाहेरून वॉटरप्रूफ कोटिंग मारायला मीच होकार दिला होता, कारण पावसाळा तोंडावर होता आणि घरातल्या आजी रोज विचारायच्या, बाई गं कधी होणार. पहिल्या पावसात सगळे खुश. दुसऱ्या वर्षी ओल आतून वर चढली, आधी दोन फुटांवर होती ती चार फुटांवर गेली, लोणा लागला आणि विटांचे पापुद्रे बोटानं निघायला लागले. पाणी जमिनीतून येत होतं आणि मी त्याची बाहेर पडायची वाटच बुजवली होती!

तेव्हापासून माझा एकच नियम, नवा माल जुन्या विटेपेक्षा कमजोर आणि जास्त श्वास घेणारा हवा, म्हणजे झिजायचं असेल तर सांध्यातला चुना झिजेल, वीट नाही. सिमेंटचं नेमकं उलटं होतं. वाड्यात जुन्या चुन्याचा तुकडा पातळ ॲसिडमध्ये विरघळवला, चुना गेला आणि खाली वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी उरली ती चाळून बघितली, मग तीन प्रकारचे नमुने एकेक फुटाचे भिंतीवर लावून अख्खा पावसाळा बघत बसलो. मालक वैतागले होते, खोटं कशाला बोलू.

बाहेरचं उदाहरण हवं असेल तर अथेन्सचं ॲक्रोपोलिस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे संगमरवर जोडायला लोखंडी पकडी टाकल्या, त्या गंजून फुगल्या आणि दगड फुटले, नंतर त्या काढून टायटॅनियमच्या टाकाव्या लागल्या. मूळ ग्रीक कारागिरांनी लोखंडाभोवती शिसं ओतलं होतं म्हणून त्यांचं टिकलं.

प्रश्न: मग आपल्या इंदूरच्या राजवाड्याच्या कामाला मिनिमल इंटरव्हेन्शन, म्हणजे कमीत कमी हात लावणं, म्हणाल का?

नाही सर. 1984च्या आगीत जळालेला भाग पुन्हा उभा केला त्याला रिकन्स्ट्रक्शनच म्हणावं लागेल, आणि त्यात वाईट काही नाही, शहराला तो हवाच होता. फक्त शब्द बरोबर वापरावा. जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं सांगणारा 1964चा व्हेनिस चार्टर म्हणतो की जिथे अंदाज सुरू होतो तिथे थांबा, म्हणून जुने फोटो, नकाशे, उरलेलं लाकूड यातलं हातात किती होतं ते मी आधी विचारेन.

प्रश्न: कमीत कमी हात लावला असं तुमचं एखादं काम?

वाड्यातल्या एका खांबाचा पाय कुजला होता. सुतारकाका म्हणाले ताई, अख्खा बदलू, तेच सोपं. पण टोकरून बघितलं तर कूज 14 इंचच होती, तेवढाच भाग कापून नवीन सागवानाचा तिरका सांधा दिला, लाकडी खुंट्या मारल्या आणि आतल्या बाजूला दुरुस्तीचं साल कोरलं म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. कापलेलं परत येत नाही, म्हणजे इथे रिव्हर्सिबिलिटी थोडी सोडली आणि वरचा साडेसात फूट जुना खांब वाचवला. हा सौदा मला मान्य आहे.

आणि एक भेग होती जिन्याजवळ, चांगली बोट जाईल एवढी, सगळे म्हणाले स्टीलच्या सळयांनी शिवून टाका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आखडते, म्हणून भेग जिवंत आहे की जुनी तेच आधी बघायचं ठरवलं. प्लॅस्टरच्या दोन ठिपक्यांवर काचेची पट्टी आडवी चिकटवली, शेजारी तारीख लिहिली आणि वर्षभर दर महिन्याला फोटो काढला. काच तडकली नाही. मग चुन्यानं भेग भरली, बस्स, सळई एकही नाही.

प्रश्न: आणि तडकली असती तर?

तर आधी पायाशी खड्डा घेऊन पन्हाळीचं पाणी कुठे मुरतंय ते शोधलं असतं सर, सळयांचं त्यानंतर बघितलं असतं.