कोकम साबण आणि लिप बाम: दिवाळीच्या बॅचचा खर्च आणि नफा

वहिनी, तुम्ही ऑनलाइनच्या किमती टाकण्याआधी हा हिशेब बघा. सगळे दर जीएसटी सोडून धरलेत, कारण खरेदीवरचा कर आपल्याला वजा मिळतो. खोबरेल घरच्या नारळांचं असलं तरी बाजारभावानेच लावलंय. ते फुकट धरलं तर बागेचा नफा साबणाच्या खात्यात दिसेल, आणि पुढच्या वर्षी नारळ कमी आले की किंमत कोलमडेल.

एका बॅचला ५ किलो तेल:

खोबरेल २.५ किलो × ४०० = ₹१,०००
कोकम बटर (भिरंडेल) ०.७५ किलो × ७०० = ₹५२५
राइस ब्रॅन तेल १.२५ किलो × १६० = ₹२००
एरंडेल ०.५ किलो × १८० = ₹९०
कॉस्टिक सोडा ७४५ ग्रॅम = ₹८९
डिस्टिल्ड पाणी = ₹३०
गवती चहाचं तेल १५० ग्रॅम = ₹२४०
हळद व इतर = ₹४०
एकूण ₹२,२१४

सोड्याचं वजन पाच टक्के तेल मोकळं राहील असं काढलंय. तेलाचं प्रमाण बदललं तर ते नव्याने काढायचं, अंदाजाने नाही.

ओतताना माल साधारण ७,४२५ ग्रॅम भरतो. ११५ ग्रॅमच्या ६२ वड्या निघतात, बाकीचं भांड्याला आणि कडांना जातं. सुकून प्रत्येक वडी शंभर ग्रॅमच्या थोडी वर राहते. दोन वड्या तपासणीत आणि तुटण्यात धरा, म्हणजे विकायला ६०. कच्चा माल ₹३६.९० प्रति वडी. पावसाळ्यात इकडच्या दमट हवेत वड्यांना पाणी सुटतं, सुकायला वेळ लागतो आणि ५६ हाती आल्या तरी पुष्कळ. तेव्हा हाच आकडा ₹३९.५४ होतो. म्हणून जून ते सप्टेंबरच्या मालावर सवलत द्यायची नाही, असं माझं ठाम मत आहे.

मजुरी सात तास, ₹७५ प्रमाणे, म्हणजे वडीला ₹८.७५. तुमचा-माझा वेळही यातच आहे. बटर पेपर, खोकं, लेबल ₹९.५०. वीज, साचे, परवाना, तपासणी मिळून ₹४. तयार वडी ₹५९.१५ ला पडते.

एमआरपी ₹१८०. अंगाच्या साबणाच्या वडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. एमआरपीत कर धरलेला असतो, म्हणून १८० ला १.०५ ने भागायचं: आपले ₹१७१.४३. त्यातून ५९.१५ गेले की ₹११२.२८ उरतात, म्हणजे साडेपासष्ट टक्के. हा आकडा छान दिसतो, पण तो पार्सल बांधण्याआधीचा आहे.

एका ऑर्डरला कुरियर ₹७५ (५०० ग्रॅमपर्यंत), बाहेरचा बॉक्स ₹१४, जाहिरात ₹४०, परत येणाऱ्या पार्सलांपोटी ₹१५, पेमेंट गेटवे २ टक्के. एकच वडी मोफत घरपोच पाठवली तर:

११२.२८ − ३.६० − ७५ − १४ − ४० − १५ = −₹३५.३२

तीन वड्यांचा संच ₹५१० ला दिला तर कर वजा ₹४८५.७१ मिळतात, माल ₹१७७.४५ चा, आणि हे सगळे खर्च जाऊन ₹१५४.०६ हातात राहतात. जवळजवळ ३२ टक्के. चौथी वडी घालू नका. बॉक्ससकट वजन ५०० च्या वर जाऊन कुरियरचा पुढचा टप्पा लागतो.

त्या जागी बाम घाला. आठ ग्रॅमची डबी सगळं धरून ₹३१ ला पडते, त्यातले ₹१३ नुसत्या डबीचे. बामवर मात्र जीएसटी १८ टक्के: १५० ÷ १.१८ = ₹१२७.१२, नफा ₹९६.१२. संचासोबत गेली तर गेटवे वजा जाऊन ₹९३.१२ ची भर पडते आणि एकूण ₹२४७.१८ होतात, म्हणजे ४० टक्के. पण साबण आणि बाम मिळून एकच किंमत लावू नका. एका किमतीत मिसळ माल विकला की सगळ्यावर जास्तीचा दर, म्हणजे साबणावरही १८ टक्के लागतो. बिलावर दोन ओळी, दोन किमती.

रत्नागिरीच्या दुकानदारांना एमआरपीवर ४० टक्के द्यायचे ठरलेत. आपल्याला ₹१०८, कर काढून ₹१०२.८६, वडीमागे ₹४३.७१. कुरियर नाही, जाहिरात नाही, म्हणून हे परवडतं. बोलताना टक्के एमआरपीवरचे आहेत हे लिहून घ्या. खरेदी किमतीवर ४० टक्के धरले तर त्यांचा भाव ₹१२८.५७ येतो.

खोबरेल किलोला ₹४० ने चढलं तर वडीमागे ₹१.६७ वाढतात. एवढ्यासाठी एमआरपी बदलायची नाही. ₹५०० च्या पुढे गेलं तर मला फोन करा, संचाची किंमत ₹५२५ करू.

साइटवर आजच एवढं बदला: मोफत घरपोच फक्त ₹५०० च्या वरच्या ऑर्डरला, सुट्या वडीला कुरियरचे ₹७५ वेगळे.