कास्टिंगवाल्या पाटलांचं कार्ड: आठवणीतून उतरवलेली नोंद

गुरुवार, १९ जून २०२५, संध्याकाळी ६.४०
परचेस फाइल, इम्पेलर कास्टिंग. प्रत: अकाउंट्सच्या मॅडम.

कार्ड काल दुपारी ट्रान्सपोर्टवाल्या भाऊंकडे पाहिलं. त्यांच्याकडे एकच होतं, म्हणून फोटो काढून परत दिलं. आज फोन रीसेट झाल्यावर फोटो गेला. गॅलरीत, बॅकअपमध्ये, ट्रॅशमध्ये कुठेच नाही. भाऊ हुबळीला गेलेत, शनिवारी येतील. तोवर आठवतंय ते इथे लिहून ठेवतो. पुढे काही कळलं तर या ओळी खोडू नयेत, खाली तारीख टाकून वेगळं लिहावं. कोणतं आठवणीतलं आणि कोणतं तपासलेलं, हे कळायला हवं.

नाव: आडनाव पाटील, हे पक्कं. आद्याक्षरं आर. एस. की एस. आर., सांगता येत नाही. नावाखाली ‘प्रोप्रायटर’ होतं, तेही पक्कं.

फर्म: ‘महालक्ष्मी’ बहुधा. पुढे इंजिनिअरिंग की एंटरप्रायझेस ते आठवत नाही. कोल्हापुरात महालक्ष्मी नावाच्या फर्मला तोटा नाही, त्यामुळे नुसत्या नावावर गूगलमध्ये जे पहिलं येईल ते आपलंच समजू नये.

मोबाइल: सुरुवात ९८२२ किंवा ९८२३, शेवट ४४०. मधले तीन आकडे गेले. म्हणजे दोन हजार शक्यता. अंदाजाने लावत बसू नये. मागच्या बाजूला पेनने आणखी एक नंबर होता. तो पाटलांचाच असेल असं नाही, भाऊंनी टेम्पोवाल्याचा टिपलेला असू शकतो. भाऊंना हे वेगळं विचारायचं.

पत्ता: एमआयडीसी शिरोली, प्लॉट नंबरच्या शेवटी ४७, आधीचं अक्षर आठवत नाही. पिन ४१६१२२ वाचल्यासारखं वाटतंय. लँडलाइनचा कोड मात्र ०२३१ डोळ्यांसमोर आहे, आणि इथेच घोळ आहे. शिरोली हातकणंगले तालुक्यात, तिथला कोड ०२३०. ०२३१ कोल्हापूर शहराचा, गोकुळ शिरगावलाही तोच, पण गोकुळ शिरगावचा पिन ४१६२३४. म्हणजे एकतर कारखाना शिरोलीत आणि ऑफिस शहरात, नाहीतर माझ्या डोक्यात दोन ओळी एकत्र झाल्यात. जुळावं म्हणून कोड ०२३० करून टाकलेला नाही, आठवला तसाच ठेवलाय.

ईमेल: जीमेलचा. नावात टिंब होतं की नाही आठवत नाही, पण त्याने बिघडत नाही, जीमेल टिंब धरतच नाही. स्पेलिंग मात्र हवंच.

जीएसटी नंबर: छापलेला होता, सुरुवात २७, म्हणजे महाराष्ट्र. पुढचं काही आठवत नाही आणि आठवलं तरी मी विश्वास ठेवला नसता.

तपासणीला खरा उपयोग याच नंबराचा. पोर्टलवर नुसत्या नावाने शोधता येत नाही, म्हणून आधी नंबर मिळवायचा आणि तो माझ्या आठवणीतून आलेला नको. भाऊंनी पाटलांचा माल उचललाय, त्यांच्याकडे टॅक्स इनव्हॉइसची कॉपी असणार. तिचा फोटो मागायचा. मग services.gst.gov.in वर करदाता शोधून लीगल नेम, ट्रेड नेम, मुख्य पत्ता आणि स्टेटस पाहायचं. स्टेटस ‘अॅक्टिव्ह’ नसेल तर पुढे जायचंच नाही. एक झटपट खूण: पंधरा अक्षरांत तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन असतो. फर्म खरंच प्रोप्रायटरी आणि मालक पाटील असतील, तर सहावं अक्षर पी (व्यक्ती) आणि सातवंही पी (आडनावाचं पहिलं) यायला हवं. सहावं एफ निघालं तर ती भागीदारी, मग ‘प्रोप्रायटर’ वाचल्याची माझी खात्री चुकीची किंवा बिल दुसऱ्याच फर्मचं.

फोन लागला की “आपण शिरोलीचे पाटील ना?” असं विचारू नका, समोरचा घाईत “हो हो” म्हणतो. “साहेब, कोटेशन कुणाच्या नावाने मागवू, पत्ता काय घालू?” असं विचारा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. त्यानंतर ही नोंद उघडून ताडा, आधी नको. प्लॉटचं अक्षर त्यांच्या तोंडूनच येऊ दे.

मॅडम, पॅटर्नचा २५,००० चा अॅडव्हान्स तोवर थांबवावा. खातं क्रमांक कार्डावर नव्हता, त्यामुळे तो कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवला तर कॅन्सल्ड चेक मागा आणि त्यावरचं नाव जीएसटीच्या नावाशी जुळवा. भाऊंना मी शनिवारी सकाळी अकराला फोन करतो. ते कार्ड घेऊन आले तर दोन्ही बाजूंचे फोटो या फाइलमध्ये आणि तुमच्या मेलवर, दोन्हीकडे टाकतो.