बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजाराचे एआय फोटोंसाठी प्रॉम्प्ट

१. भाजीची ओळ
जुन्नर तालुक्यातल्या बेल्हे गावचा सोमवारचा आठवडे बाजार, जूनची सुरुवात, सकाळचे साडेदहा. डॉक्युमेंटरी फोटो, ३५ एमएम लेन्स, कॅमेरा गर्दीच्या आतच, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. जमिनीवर गोणपाट टाकून बसलेली साठीची बाई, नऊवारी, मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडतेय, तिचं लक्ष गिऱ्हाईकाकडे, कॅमेऱ्याकडे कोणीच बघत नाहीये. पुढून कोणाचा तरी खांदा आणि वायरची पिशवी फ्रेममध्ये घुसलीये, ब्लर झाली तरी चालेल, उलट व्हायलाच हवी. वर निळी ताडपत्री, तिच्यामुळे बाईचा अर्धा चेहरा निळसर, आणि ताडपत्रीच्या भोकातून कडक ऊन थेट टोमॅटोवर, तिथे फोटो उजेडाने थोडा पांढरा पडलेला दिसू दे. व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनवर फिक्स, निळेपणा काढून टाकायचा नाही. गर्दी एकसारखी नको: पांढरी टोपीवाले दोनचारच, बाकी पॅन्टशर्ट, सहावारी साड्या, जीन्समधली पोरं, एक शाळकरी पोरगी कंटाळून उभी. तराजूशेजारी पेमेंटचा क्यूआर कोड, अर्धा मळलेला. राजस्थानी पगड्या, मातीची मडकी, हसरे आजोबा असलं काही नको, हे कॅलेंडर नाहीये. पाट्या अर्ध्या झाकलेल्या ठेवा, नाहीतर देवनागरीचं कडबोळं होतं.

२. बैलांचा सौदा
तोच बाजार, बैलांची बाजू. दोन माणसं उभी, हात उपरण्याखाली, बोटांनीच भाव चाललाय म्हणून हात अजिबात दिसायचे नाहीत, फक्त उपरण्याची हालचाल. तिसरा माणूस बैलाचा जबडा उघडून दात बघतोय. बैल खिल्लार, पांढराशुभ्र नको, मांडीला शेण लागलेलं. मागे टेम्पो, कासरे-म्होरक्यांचं दुकान, चहाचे कागदी कप. ढग आलेत, उजेड सपाट, पण लांब टेकडीवर एक उन्हाचा पट्टा पडलाय. शटर १/१२५, शेपटी हललेली चालेल, चेहरे मात्र स्थिर. हवेत धूळ, पण धुक्यासारखी सुंदर नाही.

३. दिवे लागताना
संध्याकाळचे सव्वासात, बाजार उठतोय. आकाश अजून गडद निळं, भज्यांच्या गाडीवर पिवळा बल्ब, शेजारच्या चपलांच्या दुकानात पांढरा एलईडी, आणि निघालेल्या पिकअपचे लाल दिवे ओल्या रस्त्यावर. एकाच चेहऱ्यावर एका बाजूने पिवळं, दुसऱ्या बाजूने निळं. आयएसओ ३२००, ग्रेन राहू दे. एक जोडपं पिशव्या मोजतंय, म्हातारा उरलेली कोथिंबीर गोणीत कोंबतोय, कुत्रं गाडीखाली. फ्रेम थोडी तिरकी, डावीकडे एक माणूस अर्धा कापलेला.

४. वरचा तिसरा परत, फक्त एवढं बदलून
माणसं कमी, बोटं नीट पाचच, आणि सगळे एकाच दिशेला चाललेत ते मोडा. कोणी उलटं येतंय, कोणी मध्येच थांबून फोनवर "गाडी कुठंय" विचारतंय असं वाटलं पाहिजे.